नऊ व्होल्टची बॅटरी आणि थांबत थांबत चालणारी गाडी: लाइन फॉलोअरच्या नोंदी

आम्ही दोघी बारावी सायन्सला आहोत, कॉलेज ठाण्यात. मी कळव्याला राहते, माझी जोडीदार ऐरोलीहून येते. सप्टेंबर २०२५ मध्ये एका कॉलेजात काळ्या रेषेवरून चालणाऱ्या गाड्यांची स्पर्धा होती. त्यासाठी दोघींचे मिळून १५०० रुपये जमले. पुढच्या वर्षी कोणी हेच करायला घेतलं तर त्यांचे आठवडे वाचावेत, म्हणून तारखेनुसार लिहून ठेवते आहे.

१२ जुलै २०२५, शनिवार

दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडवर गेलो. पाट्यांवर डॉ. भडकमकर मार्ग असं लिहिलेलं असतं, दुकानदार मात्र लॅमिंग्टनच म्हणतात. घेतलेलं सामान असं:

- आर्डुइनो नॅनो, म्हणजे प्रोग्रॅम चालवणारा छोटा बोर्ड (मूळ कंपनीचा नाही, तसाच स्वस्तातला): २९०
- एल२९८एन मोटर ड्रायव्हर, नॅनोच्या इशाऱ्यावर मोटरला करंट देणारा: १४०
- अ‍ॅक्रिलिकचा सांगाडा, दोन पिवळ्या बीओ मोटर, चाकं आणि पुढची गोटी: ३३०
- रेषा ओळखणारे टीसीआरटी५००० सेन्सर, तीन नग: १३५
- जंपर वायर: ७०
- छोटा ब्रेडबोर्ड: ४०
- नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी, दोन नग: ६०

पाच सेन्सरची तयार पट्टी अडीचशेच्या पुढे होती, म्हणून तीन सुटे घेतले. हा निर्णय पुढे बरोबर ठरला. बॅटरीचा मात्र चुकला. दुकानातल्या दादांनी विचारलं होतं, "बॅटरी कोणती देऊ?" आम्ही व्हिडिओत पाहिलेली सांगितली. त्यांनी दिली.

१३ जुलै, रविवार

सांगाडा दीड तासात जोडून झाला. प्रोग्रॅम नॅनोत चढवायला चार तास लागले. स्क्रीनवर हे येत राहिलं:

```
avrdude: stk500_getsync() attempt 10 of 10: not in sync: resp=0x00
```

कारणं दोन निघाली. एक म्हणजे घरातली केबल फक्त चार्जिंगची होती, डेटाच्या तारा तिच्यात नव्हत्या. लॅपटॉपला पोर्टच दिसत नसेल तर आधी केबल बदला. दुसरं कारण, पोर्ट दिसायला लागल्यावरही एरर तीच राहिली. बऱ्याच स्वस्त नॅनोंमध्ये जुना बूटलोडर, म्हणजे नवा प्रोग्रॅम आत घेणारा छोटा प्रोग्रॅम, असतो. `Tools > Processor > ATmega328P (Old Bootloader)` निवडल्यावर पहिल्याच वेळी प्रोग्रॅम चढला.

२० जुलै, रविवार

सगळ्या तारा जोडल्या. गाडी उलटी धरून, चाकं हवेत ठेवून आणि यूएसबी लावून पाहिलं तर दोन्ही मोटर छान फिरल्या. यूएसबी काढली, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर गाडी जमिनीवर ठेवली. एक झटका मारून पुढे गेली आणि थांबली. दोन सेकंदांनी पुन्हा झटका, पुन्हा थांबली. असंच चालू राहिलं.

आम्हाला वाटलं, कोडमधल्या `delay()` ची चूक आहे. रात्री साडेअकरापर्यंत कोड बदलत बसलो.

२७ जुलै, रविवार

आठवडाभर रोज थोडा वेळ कोडच बदलला. तीन वेगवेगळे प्रोग्रॅम चढवून पाहिले आणि तिन्हींवर गाडीचं वागणं तेच. खरं तर तेव्हाच ओळखायला हवं होतं. कोड कोणताही असो, दोष सारखाच राहत असेल तर तो कोडमध्ये नसतो. तोपर्यंत आणखी तीन बॅटऱ्या आणल्या होत्या, म्हणजे ९० रुपये. नवी बॅटरी लावली की गाडी पाचेक मिनिटं थोडी बरी चालायची, त्यामुळे आधीचीच खराब होती असं वाटायचं.

२ ऑगस्ट, शनिवार

कळवा स्टेशनजवळ टीव्ही आणि मिक्सर दुरुस्त करणारे एक काका आहेत, त्यांच्याकडे गाडी घेऊन गेलो. त्यांनी कोड विचारलाच नाही. मल्टीमीटरचे दोन्ही प्रोब बॅटरीच्या टोकांना लावले आणि म्हणाले, "आता चालू कर गं."

मोटर बंद असताना ९.१ व्होल्ट होते. एक मोटर चालू केली तर ७.६. दोन्ही चालू केल्या आणि चाकं बोटाने जरा अडवली तर आकडा ५.५ पर्यंत खाली आला.

"कोड मला कळत नाही, पण ही गाडी उपाशी आहे," काका म्हणाले.

त्यांनी सांगितलं ते आमच्या शब्दांत असं. ही चौकोनी बॅटरी रिमोट किंवा गजराच्या घड्याळासारख्या थोड्या करंटच्या कामासाठी असते. तिच्या आत बारीक बारीक सहा घरं असतात, आणि जास्त करंट मागितला की बरेचसे व्होल्ट आतल्या आतच खर्च होतात. पिवळी बीओ मोटर मोकळी फिरताना फार कमी करंट घेते. सुरू होण्याच्या क्षणी मात्र ती अडवलेल्या मोटरसारखीच असते. आमची मोटर अडवून मीटरच्या दहा अँपियरच्या खाचेतून मोजली, तर एकीला ०.७ अँपियरच्या आसपास करंट लागत होता. म्हणजे दोघी एकदम सुरू झाल्या की दीडच्या जवळ. नऊ व्होल्टच्या या साध्या बॅटरीला ते झेपत नाही.

झटक्याचं कोडंही यातूनच सुटलं. नॅनोला ५ व्होल्ट मिळत होते ते एल२९८एनवरच्या रेग्युलेटरमधून. त्या रेग्युलेटरला ५ व्होल्ट नीट द्यायचे तर आत साधारण ७ व्होल्ट यावे लागतात. मोटर सुरू झाल्या की बॅटरी ७ च्या खूप खाली जायची आणि नॅनो बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. बूटलोडरला लागणारी वेळ आणि आमच्या `setup()` मधला विलंब मिळून ते दोन सेकंद होत होते. यूएसबी लावलेली असताना नॅनोचा ५ व्होल्टचा पुरवठा लॅपटॉपमधून यायचा, म्हणून तेव्हा सगळं ठीक दिसायचं.

काकांनी एक सावधगिरीही सांगितली. हा खालचा डुबका क्षणभराचा असतो आणि साधा मीटर इतका भरभर दाखवत नाही. मीटरवर ५.५ दिसले तरी त्या क्षणी खरा आकडा त्याहून खाली गेलेला असू शकतो. मग नॅनो रीसेट होतोय हे नक्की कसं कळणार? घरी येऊन `setup()` मध्ये एवढंच घातलं:

```cpp
pinMode(13, OUTPUT);
for (int i = 0; i < 3; i++) {
  digitalWrite(13, HIGH); delay(80);
  digitalWrite(13, LOW);  delay(80);
}
```

नॅनोवरचा छोटा दिवा सुरुवातीला तीनदा लुकलुकतो. गाडी चालत असताना मध्येच पुन्हा तीनदा लुकलुकला तर नॅनो रीसेट झाला, त्यात शंका नाही. आमचा प्रत्येक झटक्याला लुकलुकत होता. या पाच ओळी मी आता प्रत्येक प्रोग्रॅममध्ये आधी लिहिते.

त्याच संध्याकाळी ठाण्यात २२० रुपयांचा साधा मल्टीमीटर घेतला. बजेट ओलांडलं. पण हा पहिल्याच दिवशी घेतला असता तर दोन आठवडे आणि बॅटऱ्यांचे पैसे वाचले असते, याची खात्री आहे.

३ ऑगस्ट, रविवार

पैसे न घालता काही होतं का पाहायचं म्हणून घरातली पॉवर बँक लावली. तिचे ५ व्होल्ट एल२९८एनमधून मोटरपर्यंत पोचेपर्यंत जेमतेम ३ उरले. या ड्रायव्हरच्या आत जुन्या पद्धतीचे ट्रान्झिस्टर आहेत आणि आमच्यासारख्या करंटला ते मधल्या मध्ये सुमारे २ व्होल्ट खातात. गाडी रांगत चालली, आणि वळणावर आतलं चाक अडकलं की सुटेना. मोटर बंद ठेवून फक्त सेन्सर तपासत होतो तेव्हा पॉवर बँक आपोआप बंद पडायची. इतक्या कमी करंटवर तिला वाटतं की फोन काढून घेतला. हा मार्ग सोडला.

९ ऑगस्ट, शनिवार

राखीपौर्णिमा. भावाने ओवाळणीत पैसे दिले, त्यातून १८६५० मापाचे, चार्ज होणारे दोन लिथियम सेल घेतले. सेलवर ९८०० एमएएच छापलेलं, किंमत ६० रुपये एक. पूर्ण चार्ज करून लावले, गाडी दहा मिनिटं चालली आणि मंदावली. काकांना दाखवले. त्यांनी हातात घेऊनच सांगितलं की वजन कमी आहे. या मापाच्या चांगल्यात चांगल्या सेलची क्षमताही साधारण ३५०० च्या आसपास असते. त्याच्या दुप्पट-तिप्पट आकडा छापलेला दिसला तर सेल खोटा समजायचा. १२० रुपये गेले.

१० ऑगस्ट, रविवार

काकांच्या ओळखीच्या दुकानातून २००० एमएएचचे दोन सेल आणले, १२० रुपये एक. सोबत दोन सेलचा होल्डर ४०, टीपी४०५६ चार्जिंग बोर्ड ३५, दोन अँपियरचा काचेचा फ्यूज होल्डरसकट १५ आणि एक स्विच १०.

फ्यूजसाठी काका हटून बसले. "लिथियमच्या दोन तारा चुकून भिडल्या तर वायर लाल होते. तुमच्या वयाची पोरं अशी भाजलेली पाहिली आहेत मी." फ्यूज सेलच्या होल्डरच्या लाल तारेवर, त्या होल्डरच्या अगदी जवळ बसवला. स्विच त्याच्यानंतर.

चार्जिंगचंही एक लक्षात ठेवायचं. टीपी४०५६ एका वेळी एकच सेल चार्ज करतो. दोन सेल मालिकेत जोडलेले असताना तो लावायचा नाही. आम्ही सेल होल्डरमधून काढून, एकेक करून, समोर बसून चार्ज करतो. रात्रभर लावून झोपत नाही.

दोन्ही सेल भरल्यावर ८.३ व्होल्ट आले. दोन्ही मोटर चालू असताना ७.९. चाकं अडवली तरी ७.५ च्या खाली गेलं नाही. गाडी सुटली ती भिंतीला जाऊन थडकली. दिवा मध्ये एकदाही लुकलुकला नाही.

इथे एक हिशोब केला, कारण कॉलेजातल्या एका मुलाने एल२९८एन टाकून मॉसफेटवाला टीबी६६१२ घ्या असं सांगितलं होतं. तो ड्रायव्हर व्होल्ट जवळजवळ खातच नाही, म्हणून चांगलाच आहे. पण आमच्या मोटर ६ व्होल्टच्या. पुरवठा ७.९, ड्रायव्हरने २ खाल्ले की मोटरला ५.९ मिळतात, म्हणजे नेमके हवे तेवढे. मग नव्या ड्रायव्हरवर पैसे का घालायचे? चार साध्या पेन्सिल सेलवर, म्हणजे ६ व्होल्टवर, गाडी चालवणार असाल तर मात्र एल२९८एन घेऊ नका, मोटरला चारच उरतील.

खालची मर्यादाही ठरवली. सेल मिळून ७.० व्होल्ट झाले की थांबायचं. त्याखाली रेग्युलेटर ५ व्होल्ट धरू शकत नाही, आणि तोपर्यंत प्रत्येक सेल ३.५ वर असल्यामुळे सेलचंही नुकसान होत नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

काल दहीहंडी झाली. मंडळाच्या दादांकडे उतरवलेला एक फ्लेक्स मागितला, त्यांनी लगेच दिला. मागची बाजू पांढरी होती, आठ फूट बाय सहा फूट. ट्रॅकसाठी याहून चांगलं काही फुकटात मिळणार नाही. काळा फ्लेक्स मागून करडाही निघतो, म्हणून घेण्याआधी उलटून पाहा.

रेषा जाड काळ्या मार्करने आखली. दोन तास लागले, दोन मार्कर संपले. गाडी ठेवली तर रेषेवरून सरळ आरपार निघून गेली, जणू रेषा नव्हतीच.

आता मात्र कोडला हात लावला नाही. तिन्ही सेन्सरच्या अ‍ॅनालॉग पिनचे आकडे `Serial Monitor` वर पाहिले. पांढऱ्यावर ७० च्या आसपास, मार्करच्या रेषेवर ११०. त्याच जागी इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवला तर ८००.

टीसीआरटी५००० डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडावर चालत नाही. तो इन्फ्रारेड सोडतो आणि परत आलेला मोजतो. मार्करच्या शाईतला काळा रंग आपल्याला काळा दिसतो, पण इन्फ्रारेड त्यातून आरपार जातो आणि खालच्या पांढऱ्यावरून परत येतो. सेन्सरच्या लेखी ती रेषा पांढरीच. लेझर प्रिंटरची काळी पूड कार्बनची असते, ती चालते. आमची काळी टेपही चालली. कोणतीही काळी वस्तू रेषेसाठी वापरण्याआधी तिचा तुकडा सेन्सरखाली धरून आकडा बघायचा, हा नियम केला.

१९ ऑगस्ट, मंगळवार

पावसामुळे कॉलेजला सुट्टी. जोडीदार ऐरोलीहून निघूच शकली नाही. एकटीने मार्करवरून टेप लावली. वळणावर टेप ताणून लावली तर दुसऱ्या दिवशी कडा उचलते आणि पुढची गोटी तिथे अडखळते. छोटे छोटे तुकडे कापून, एकावर एक किंचित चढवून लावले की बसते.

२४ ऑगस्ट, रविवार

शनिवारी रात्री ट्यूबलाइटखाली गाडीने पूर्ण फेरी मारली. आम्ही फोनवर ओरडलोच. आज दुपारी जोडीदार आली, तिला दाखवायला तोच फ्लेक्स गॅलरीच्या दारात पसरला, आणि गाडी पहिल्याच वळणावर बाहेर.

आकडे पाहिले. रात्री काळ्यावर ८०० होते, ते दुपारी २४० वर आले होते. सूर्याच्या उजेडात भरपूर इन्फ्रारेड असतो. सेन्सरला बाहेरून इतका मिळाला की काळी टेपही त्याला पांढऱ्यासारखी भासली. घरातल्या एलईडी ट्यूबमध्ये इन्फ्रारेड जवळजवळ नसतो, म्हणून रात्री त्रास नव्हता.

अर्धी चूक आमच्या बसवण्याची होती. सेन्सर सांगाड्याच्या खालच्या पट्टीला थेट लावले होते, जमिनीपासून दोन सेंटिमीटरवर. हा सेन्सर अगदी जवळून पाहण्यासाठी बनवलेला आहे, अडीच मिलिमीटरवर त्याचं काम सर्वांत चांगलं होतं. वर गेला की त्याचा स्वतःचा परत येणारा उजेड भराभर कमी होतो आणि बाहेरचा घुसायला मोठी फट मिळते. लांब स्क्रू आणि बॉलपेनच्या रिकाम्या नळीचे कापलेले तुकडे वापरून सेन्सर ६ मिलिमीटरपर्यंत खाली आणले. चारी बाजूंनी काळ्या कार्डशीटचा पडदा लावला, जमिनीला टेकणार नाही इतपत. आधी साधा काळा कागद लावला होता. इन्फ्रारेड त्यातून थोडा जातो का ते तपासायला तोही सेन्सरखाली धरला, आकडा नीट काळ्याचा आला नाही, म्हणून कार्डशीट.

त्याच गॅलरीत काळ्याचा आकडा ६५० च्या वर राहिला. थेट उन्हाच्या पट्ट्यात अजूनही चुकते. तेवढ्यावर थांबलो.

सेन्सरचा दिवा जळतोय का ते डोळ्यांना दिसत नाही. फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यातून पाहिलं की बहुतेक फोनवर फिकट जांभळा ठिपका दिसतो. आमच्या एका सेन्सरची तार निसटलेली अशीच सापडली.

३१ ऑगस्ट, रविवार

आज गौरी आल्या, घर पाहुण्यांनी भरलेलं. माळ्यावर बसून फक्त कोड केला.

आतापर्यंत "काळा दिसला तर डावीकडे, नाहीतर उजवीकडे" असं लिहिलं होतं. त्याने गाडी नागमोडी जाते. आता तिन्ही सेन्सरचे पूर्ण आकडे वापरले. सुरू झाल्यावर पाच सेकंद गाडी हाताने रेषेवरून इकडेतिकडे फिरवायची, त्यात प्रत्येक सेन्सर आपला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा नोंदवतो. मग प्रत्येक वाचन ० ते १०० मध्ये आणायचं. याचं कारणही पुन्हा पुरवठ्यातच आहे. सेल उतरत जातात तसा ५ व्होल्टचा पुरवठा किंचित हलतो, सेन्सरचा दिवा मंद होतो आणि सकाळचे आकडे संध्याकाळी जुळत नाहीत. शिवाय जागा बदलली की उजेडही बदलतो. ठरावीक ४०० चा आकडा लिहून ठेवला होता तो काढून टाकला.

```cpp
int e = v[2] - v[0];      // उजवा वजा डावा
int fix = Kp * e;
int L = constrain(base + fix, 0, 255);
int R = constrain(base - fix, 0, 255);
```

`base` म्हणजे सरळ जातानाचा वेग, `Kp` म्हणजे किती जोराने वळायचं तो आकडा. रेषा उजव्या सेन्सरखाली गेली की डावं चाक वेगात आणि उजवं हळू, म्हणजे गाडी उजवीकडे वळते. तिन्ही सेन्सरला पांढरं दिसलं तर शेवटचा `e` तसाच धरून ठेवायचा, रेषा ज्या बाजूला सुटली त्याच बाजूला गाडी ती परत शोधते.

वेग बदलायचा असेल तर एल२९८एनवरच्या ENA आणि ENB या दोन टोप्या काढून तिथे नॅनोच्या पीडब्ल्यूएम पिना जोडाव्या लागतात. आम्ही ५ आणि ६ वापरल्या.

७ सप्टेंबर, रविवार

काल विसर्जन, आज दिवसभर गाडी. आणि ती वळतच नव्हती, सरळ जायची. पहिला संशय पुरवठ्यावर घेतला, मीटर लावला, ७.८ होते. दिवा लुकलुकत नव्हता. सेन्सरचे आकडे ठीक. म्हणजे या वेळी खरोखरच कोड. चूक ही होती:

```cpp
int Kp = 0.6;
```

`int` मध्ये ०.६ बसत नाही, तिथे शून्य होतं. `float Kp = 0.6;` केलं आणि गाडी वळायला लागली. दीड तास गेला, पण जुलैसारखे दोन आठवडे गेले नाहीत, कारण पुरवठा आणि सेन्सर पाच मिनिटांत बाजूला काढता आले.

मग आकडे जमवले. `base` १३० ठेवला. `Kp` ०.३ वर तीव्र वळणावर गाडी बाहेर, १.० वर सरळ रेषेतही शेपूट हलवल्यासारखी थरथर. ०.६ वर दोन्ही ठीक. आमच्या मोटर ८५ च्या खाली जागच्या हलत नाहीत, त्यामुळे पूर्ण वळणावर आतलं चाक थांबतं आणि गाडी त्याच्याभोवती फिरते. छोट्या वळणांना ते उपयोगीच पडलं.

१३ सप्टेंबर, शनिवार

स्पर्धा. हॉलला एका बाजूला मोठ्या खिडक्या. नियमांत रेषा ३० मिलिमीटर रुंद होती, आमची घरची टेप १८ ची. बाजूचे सेन्सर मधल्यापासून २० मिलिमीटरवर होते म्हणून रुंद रेषाही दोघांच्या मध्ये मावली. १२ वर लावले असते तर गाडी मधोमध असतानाही तिन्हींना काळंच दिसलं असतं. नियमावली आली की आधी रेषेची रुंदी बघा, मग सेन्सरमधलं अंतर ठरवा.

पहिली फेरी ४१ सेकंदांत पूर्ण. दुसऱ्या फेरीच्या आधी मोजलं तर सेल ७.१ वर आले होते, जोडीदाराने लगेच चार्ज केलेली दुसरी जोडी घातली. ती काकांनी कालच वापरायला दिली होती. दुसरी फेरी ३८. अकरा गाड्यांत चौथा नंबर आला. आमच्या शेजारच्या टेबलावरची गाडी झटके देत थांबत होती, वर नऊ व्होल्टची बॅटरी टेपने चिकटवलेली. त्या मुलांना आमचा मीटर दिला आणि आकडे दाखवले. त्यांची वेळ मात्र निघून गेली होती.

१४ सप्टेंबर, रविवार

हिशोब. गाडीत राहिलेल्या वस्तूंचे १३४५ रुपये. मल्टीमीटर २२०. वाया गेले २७०, त्यात पाच चौकोनी बॅटऱ्यांचे १५० आणि खोट्या सेलचे १२०. एकूण १८३५, प्रवास वेगळा. पंधराशेत बसवायचं असेल तर कॉलेजच्या लॅबमधला मीटर वापरा, आमच्या लॅबच्या मामांनी विचारल्यावर लगेच काढून दिला असता, आम्ही विचारलंच नाही. सेल आणि फ्यूजमध्ये काटकसर करू नका.

गाडी लॅबच्या कपाटात ठेवली आहे. सेल होल्डरमधून काढून वेगळ्या डब्यात, ७.६ व्होल्टवर, टोकांना टेप लावून. पूर्ण भरलेले ठेवू नका आणि रिकामेही ठेवू नका, असं काकांनी सांगितलं आहे. डब्यावर आजची तारीख लिहिली आहे.